ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता

गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी सकाळी आमच्या पेठेतल्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या. मी बँकेतून निवृत्त झालो त्याला आता सहा वर्षं झाली, पण खात्याचं काही अडलं की साताऱ्यातली ओळखीची माणसं अजून घरी येतात. बाई खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "मी ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता हो."

ते अक्षरशः खरं होतं. त्यांना कुणाचा फोन आला नव्हता, कुणी बँकेतून बोलतोय असं सांगून आकडा विचारला नव्हता. तरी आदल्या दिवशी दुपारी पाऊण तासात त्यांच्या खात्यातून दोन लाख नव्वद हजार रुपये गेले होते. गेली कित्येक वर्षं आपण सगळे एकमेकांना एकच गोष्ट सांगत आलो, ओटीपी कुणाला देऊ नका. मीही काउंटरवर बसून हजारदा सांगितली. ती सूचना आजही बरोबर आहे, पण आता अपुरी आहे. बाईंच्या बाबतीत काय घडलं ते पायरीपायरीने पाहिलं की का अपुरी आहे ते कळतं.

रविवारी दुपारी त्यांच्या शाळेच्या जुन्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सहकाऱ्याच्या नावाने संदेश आला. वाहतुकीचा नियम मोडल्याबद्दल दंड झाला आहे, पावती सोबतच्या फाइलमध्ये पाहा. फाइलचं नाव होतं `RTO Challan.apk`. सहकाऱ्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेला होता आणि त्यातून हा संदेश सगळ्या ग्रुपांवर आपोआप सुटला होता, हे नंतर कळलं. बाईंच्या नावावर स्कूटर आहे, ओळखीच्या माणसाकडून आलेला संदेश आहे, म्हणून त्यांनी फाइल उघडली.

फाइलच्या नावातली शेवटची तीन अक्षरं इथे सगळ्यात महत्त्वाची. पावती असती तर `.pdf` असती किंवा फोटो असता. `.apk` म्हणजे कागद नव्हे, अँड्रॉइड फोनवर बसणारं अख्खं ॲप. प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप घेताना फोन थांबवतो, हे धोक्याचं असू शकतं असं सांगतो, वेगळी परवानगी मागतो. बाईंनी "पावती बघायची आहे ना" म्हणून तिथे होकार दिला. मग ॲपने एसएमएस वाचण्याची आणि पाठवण्याची परवानगी मागितली. तिथेही होकार. त्यानंतर हुबेहूब सरकारी वाटणारं पान उघडलं आणि पडताळणीसाठी एक रुपया भरा म्हणालं. त्यात डेबिट कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन अंक आणि एटीएमचा पिन, असं सगळं विचारलं होतं. बाईंनी भरलं. पान गोल गोल फिरत राहिलं, मग बंद पडलं. ॲपचं चिन्हही पडद्यावरून नाहीसं झालं. बाईंना वाटलं, सर्व्हर डाउन असेल.

आता चोराकडे काय जमलं ते पाहा. आपल्याकडे ऑनलाइन व्यवहाराला दोन टप्प्यांची पडताळणी लागते. पहिला टप्पा आपल्याला माहीत असलेल्या गोष्टीचा, म्हणजे पासवर्ड किंवा पिन. दुसरा टप्पा आपल्याजवळ असलेल्या वस्तूचा, म्हणजे तो मोबाइल नंबर, ज्यावर ओटीपी येतो. दोन कुलपं असण्यामागचा विचार असा की एक किल्ली चोरीला गेली तरी दुसरी मालकाच्या खिशात राहावी. बाईंनी खोट्या पानावर पहिली किल्ली टाइप करून दिली होती, आणि दुसरी ते लपलेलं ॲप देणार होतं. फोनवर येणारा प्रत्येक एसएमएस ते वाचत होतं, चोराकडे पाठवत होतं आणि बाईंच्या नजरेआड ठेवत होतं. ओटीपी बाईंनी सांगितला नाही, त्यांच्या फोनने सांगितला.

बऱ्याच बँकांमध्ये नेटबँकिंगचा पासवर्ड विसरला तर कार्डाचा नंबर, एटीएमचा पिन आणि ओटीपी देऊन नवा करता येतो. चोराने तेच केलं आणि बाईंच्या खात्यात शिरला. बचत खात्यात अडतीस हजार होते. पण त्याच लॉगिनमध्ये चार लाखांची मुदत ठेवही दिसत होती, निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशातून केलेली. पुष्कळांना वाटतं ठेव म्हणजे कुलूपबंद तिजोरी. ऑनलाइन दिसणारी ठेव बहुधा ऑनलाइन मोडताही येते, एका ओटीपीवर, आणि पैसे क्षणात बचत खात्यात येऊन पडतात. तसेच ते पडले. माझ्या पाहण्यात असंही एक प्रकरण आहे की ठेव नव्हती, तर चोराने ॲपवर दिसणारं आधीच मंजूर असलेलं वैयक्तिक कर्ज उचललं आणि तेही नेलं. त्या माणसाला पैसे तर गेलेच, वर हप्ता मागे लागला.

इथून पुढे बाईंना थोडंफार वाचवलं ते फक्त मर्यादांनी. त्यांच्या बँकेत नव्याने जोडलेल्या खात्याला पहिल्या दिवशी एक लाखच पाठवता येतात, म्हणून चोराने कुणाच्या तरी भाड्याने घेतलेल्या खात्यात एक लाख वळवले. पोलीस अशा खात्याला म्यूल खातं म्हणतात. मग डेबिट कार्डावरून एका खरेदीच्या संकेतस्थळावर पंच्याण्णव हजारांची एक आणि तेवढ्याचीच दुसरी अशा दोन महागड्या वस्तू घेतल्या. कार्डाची ऑनलाइन खरेदीची मर्यादा दिवसाला दोन लाख होती. कार्ड मिळालं तेव्हा जी होती तीच, बाईंनी ती कधी उघडून पाहिलीच नव्हती. मर्यादा संपली आणि एक लाख अठ्ठेचाळीस हजार खात्यात उरले. तीच मर्यादा दहा हजारांवर आणून ठेवलेली असती, तर कार्डावरून फुटकी कवडी गेली नसती, कारण पंच्याण्णव हजारांची पहिली खरेदीच अडली असती.

बाईंचा मुलगा पुण्यात असतो. खात्याला ईमेल त्याचा जोडलेला होता. एसएमएस लपवता आले, पण "ठेव मुदतीपूर्वी मोडली" हा ईमेल त्याच्याकडे पोहोचला. त्याने आईला फोन लावला, दोन मिनिटांत प्रकार लक्षात आला आणि तिसऱ्या मिनिटाला त्याने १९३० लावला.

हा क्रमांक नेमकं काय करतो हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ही तक्रार नोंदवून पुढच्या तपासाला ठेवणारी साधी मदतवाहिनी नाही. तुमच्या खात्यातून पैसे ज्या बँकेत गेले तिला संगणकावरून तात्काळ कळवलं जातं. पैसे तिथे असतील तर ती बँक ते रोखून धरते. पुढे गेले असतील तर ज्या बँकेत गेले तिला कळवलं जातं. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवत असतो आणि ही साखळी त्याच्या मागे धावत असते. म्हणून दहा मिनिटांचा फरकही मोठा. फोन करताना आपला खाते क्रमांक, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, रक्कम आणि वेळ जवळ असावी. फोननंतर `cybercrime.gov.in` वर तपशीलवार तक्रार पुरी करायची असते, ती चोवीस तासांच्या आत करावी.

मुलाच्या धावपळीने लाखातले चौसष्ट हजार त्या म्यूल खात्यातच अडकले. छत्तीस हजार पुढे निसटले होते. खरेदीतली एक वस्तू रवाना झाली नव्हती, ती रद्द होऊन पंच्याण्णव हजार परत आले. दुसरी गेली. हिशेब केला तर एक लाख एकतीस हजारांचं नुकसान झालं, आणि अडकलेले चौसष्ट हजार हातात पडायला पोलीस ठाणं आणि न्यायालयाची पायरी चढावी लागली ती वेगळी.

बाईंचा मला पुढचा प्रश्न होता, "बँक भरून देईल ना?" याचं उत्तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेल्या नियमांत होतं. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलं. चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, कुठेतरी मधल्या यंत्रणेत आहे, अशा वेळी बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्यच. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत, साध्या बचत खात्याला दहा हजारांपर्यंत. पण ग्राहकाने स्वतः पिन, पासवर्ड कुठे दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. बाईंनी पिन खोट्या पानावर टाइप केला होता, म्हणून त्या तिसऱ्या प्रकारात मोडल्या. मला हे सांगताना वाईट वाटलं. घाबरून, लाजून दोन दिवस गप्प बसणारे लोक मी पाहिले आहेत. कुठल्याही प्रकारात मोडत असलात तरी कळवल्याची वेळच तुमच्या बाजूने बोलते, म्हणून तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या.

आता घरी बसून काय करता येईल ते. मी सगळ्यांना पहिली गोष्ट सांगतो ती आपल्या आज्यांच्या घरातली आहे. वर्षाचं धान्य कणगीत असायचं आणि रोजचं डब्यात. कणगी कुणी ओट्यावर आणून ठेवत नसे. पैशाचंही तसंच करा. रोजच्या यूपीआयला, कार्डाला, भाजीवाल्याच्या क्यूआर कोडला जोडलेलं खातं वेगळं ठेवा आणि त्यात महिन्याचा खर्च तेवढाच असू द्या. साठवणीचं खातं शक्य तर दुसऱ्या बँकेत, त्याला यूपीआय नाही, डेबिट कार्ड नाही. नेटबँकिंग हवंच असेल तर शाखेत जाऊन फक्त पाहण्याचे हक्क मागा. पुष्कळ बँका ते देतात. ठेवींबद्दलही शाखेत थेट विचारा, की ही ठेव ऑनलाइन मोडण्याची सोय बंद करता येते का. जिथे होत नसेल तिथे मोठी ठेव नेटबँकिंग नसलेल्या खात्यातून करावी. गरज पडली तर शाखेत जाऊन मोडायला एक सकाळ जाईल, एवढंच.

दुसरी गोष्ट दुसऱ्या किल्लीची. साठवणीच्या खात्याला जो मोबाइल नंबर दिला आहे, त्याचं सिम साध्या बटणांच्या फोनमध्ये ठेवा. त्या फोनवर कुठलंही ॲप बसत नाही, त्यामुळे ओटीपी चोरणारं ॲपही बसत नाही. स्मार्टफोनवर कितीही चुकीच्या फाइली उघडल्या गेल्या तरी या खात्याची दुसरी किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या त्या जुन्या फोनमध्ये सुरक्षित राहते. यात एक काळजी मात्र घ्यावी लागते, तो नंबर चालू ठेवण्याची. सलग तीन महिने वापर नाही आणि रिचार्जही नाही असा नंबर कंपनी बंद करते आणि काही काळाने दुसऱ्या कुणाला देते. मग तुमच्या खात्याचे संदेश त्या परक्या माणसाला जायला लागतात. जुना नंबर सोडायचा असेल तर आधी बँकेत बदला, मग सोडा. परदेशी मुलांकडे सहा सहा महिने जाणाऱ्या आईवडिलांच्या बाबतीत हे हमखास होतं.

ओटीपी एसएमएसने येतो म्हणूनच तो असा चोरता येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने पडताळणीचे नवे निर्देश काढले, ते १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत. दोन टप्पे पूर्वीसारखेच सक्तीचे, पण दुसरा टप्पा एसएमएसच असला पाहिजे असं नाही. बँकेच्या ॲपमध्येच मंजुरी, बोटाचा ठसा, फोनमध्ये तयार होणारा सांकेतिक क्रमांक, असे पर्याय बँका देऊ शकतात. तुमच्या बँकेने दिला असेल तर घ्या. यूपीआय मुळापासून या बाबतीत थोडं पुढे आहे. ते तुमच्या सिमला आणि त्या फोनला बांधलेलं असतं, आणि नव्या फोनवर सुरू केलं की पहिले चोवीस तास पाच हजारांहून जास्त पाठवता येत नाहीत. यूपीआयचा पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घेताना कधीच लागत नाही. परतावा मिळवण्यासाठी पिन टाका असं जो म्हणेल तो तुमच्याकडून पैसे काढतो आहे.

ओटीपीचा संदेश पूर्ण वाचायची सवय मात्र प्रत्येकाने लावून घ्यावी. आपण सहा आकडे पाहतो आणि टाइप करतो. त्याच संदेशात रक्कम आणि कशासाठी ते लिहिलेलं असतं. एक रुपया भरतोय असं वाटत असताना संदेशात "नवे खाते जोडण्यासाठी" असं असेल तर तिथेच थांबता येतं. ईमेलकडेही दुर्लक्ष नको. बाईंना जो एक इशारा पोहोचला तो ईमेलनेच, आणि तो वेगळ्या माणसाच्या फोनवर जात होता म्हणून पोहोचला. जोडीदाराचा किंवा मुलाचा ईमेल सूचनांसाठी द्या, आणि त्या ईमेलच्या खात्यालाही दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा, कारण निम्मे पासवर्ड त्याच्यातूनच नवे करता येतात.

बँकेच्या नावाने येणारं खरं की खोटं हे ओळखायला अलीकडे दोन खुणा मिळाल्या आहेत. भारतीय बँकांची संकेतस्थळं आता `.bank.in` ने संपतात, कारण ते नाव फक्त रिझर्व्ह बँकेच्या परवानगीच्या बँकांनाच मिळतं. आणि ग्राहकांना खात्याच्या कामासाठी फोन करताना बँकांनी १६०० ने सुरू होणारे क्रमांक वापरायचे आहेत. दहा आकडी साध्या मोबाइलवरून "मी तुमच्या शाखेतून बोलतोय" म्हणणाऱ्याशी बोलणं तिथेच संपवा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करा. तो नंबर गूगलवर शोधू नका, तिथे चोरांनी पेरलेले नंबर असतात. वाहनाचा दंड पाहायचा तर `mahatrafficechallan.gov.in` स्वतः टाइप करून उघडा.

फोनमध्ये असं ॲप शिरलं आहे हे कसं ओळखायचं? फोन कारण नसताना तापतो, बॅटरी भरभर उतरते. व्यवहार केला तरी बँकेचा एसएमएस येत नाही. ग्रुपवरचे लोक विचारतात, हे तुम्ही काय पाठवलंत. एसएमएससाठी नेहमीच्या ऐवजी भलतंच ॲप ठरवून दिलेलं दिसतं. शंका आली की आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा. म्हणजे ॲपला संदेश बाहेर पाठवता येणार नाहीत. मग दुसऱ्याच्या फोनवरून बँक आणि १९३०. पासवर्ड बदलायचे तेही दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून. बिघडलेला फोन फोटो वगैरे काढून घेऊन पूर्ण रिसेट करावा, नुसतं ॲप काढण्यावर मी विश्वास ठेवत नाही. आणि फोनला बराच वेळ अजिबात रेंज नसेल, शेजारच्या माणसाला त्याच कंपनीची रेंज असेल, तर तुमच्या नावाचं सिम दुसऱ्या कुणी काढलं असण्याची शक्यता आहे. त्याच तासात कंपनीच्या दुकानात जा आणि बँकेला सांगून खातं गोठवा. आपल्या नावावर किती सिम आहेत ते `sancharsaathi.gov.in` वर पाहता येतं.

बाईंनी आता पेन्शनचं खातं वेगळं केलं आहे. ठेवी दुसऱ्या बँकेत, नेटबँकिंगशिवाय, आणि त्यांचा नंबर साध्या फोनवर. यूपीआयच्या खात्यात आठ हजारांवर रक्कम गेली की त्या ती हलवतात. कार्डाची ऑनलाइन खरेदी त्यांनी बँकेच्या ॲपमधून बंद केली आहे, लागली तर पाच मिनिटांपुरती सुरू करतात.

या रविवारी आईवडिलांकडे गेलात तर त्यांचा फोन मागून घ्या. सेटिंग्जमध्ये `Permission manager` शोधा, त्यात `SMS` उघडा आणि कुठल्या ॲपला एसएमएस वाचायची परवानगी आहे ती यादी त्यांच्यासोबत बसून पाहा. तिथे एखादं नाव ओळखीचं नसेल, तर सोमवारची वाट पाहू नका.